तीन लाख चौकटी आणि एक ग्रिड: डिफरन्स अ‍ॅरे अन् द्विमितीय प्रीफिक्स समचं एक पूर्ण प्रकरण

प्रकरण असं आहे. एक कॅमेरा एका जागी घट्ट बसवलेला आहे, फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची. हालचाल पकडणारं सॉफ्टवेअर प्रत्येक हलत्या वस्तूभोवती एक आयताकृती चौकट काढतं आणि त्या चौकटीचे चार आकडे फाइलमध्ये टाकून देतं, बस एवढंच, फोटो वगैरे काही ठेवत नाही. अशा ३ लाख चौकटी जमल्यात. आता प्रश्न हा की फ्रेममधला कुठलाही आयत दिला तर त्याच्यात असे पिक्सेल किती, जे किमान ५० चौकटींखाली आलेत? आणि हे एकदा नाही विचारायचंय, १ लाख वेळा विचारायचंय, कारण वेगवेगळ्या साइझची खिडकी फ्रेमवर सरकवत सरकवत सगळ्यात गजबजलेला भाग शोधायचाय.

साधा रस्ता सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तोच. १९२० बाय १०८० ची एक ग्रिड घ्या, सगळीकडे शून्य, आणि प्रत्येक चौकटीसाठी तिच्या आतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये १ मिळवा. चौकट सरासरी ४०० बाय ३०० ची धरली तर एका चौकटीला १,२०,००० बेरजा, तीन लाख चौकटींना ३,६०० कोटी. पुढे प्रश्नांचे आयतही साधारण तेवढेच मोठे धरले तर १ लाख प्रश्नांना आणखी १,२०० कोटी वाचनं. पायथनच्या साध्या लूपने सेकंदाला एक कोटी कामं होतात असं धरलं तरी हे ८० मिनिटं चालेल. C++ मध्ये खूपच लवकर होईल हे खरंय, पण चौकटी मोठ्या झाल्या की खर्च त्याच पटीत वाढणार, आणि ५० च्या जागी ६० करून बघू म्हटलं की प्रश्नांचा सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

इथे वाया काय जातंय ते नीट बघितलं की सगळी पद्धत आपोआप समोर येते. चौकटीच्या आतल्या १,२०,००० पिक्सेलमध्ये आपण तीच एक गोष्ट लिहितोय, "मी आत आहे", "मी आत आहे". नवीन माहिती फक्त कडेला आहे, जिथे बाहेरचा पिक्सेल संपून आतला सुरू होतो तिथे, आणि कडसुद्धा सरळ रेष असल्याने तिची माहिती तिच्या दोन टोकांत मावते. म्हणजे अख्खी चौकट चार कोपऱ्यांत लिहून होते.

आधी एकाच ओळीवर बघू. ओळीत l पासून r च्या आधीपर्यंत सगळीकडे १ मिळवायचाय. त्याऐवजी D नावाची शून्यांची एक वेगळी ओळ घ्या, D[l] मध्ये १ मिळवा आणि D[r] मधून १ वजा करा, मध्ये काहीही हात लावू नका. सगळ्या नोंदी झाल्या की डावीकडून उजवीकडे चालती बेरीज करा, म्हणजेच प्रीफिक्स सम. l ला नळ सुरू झाला, r ला बंद झाला, आणि चालती बेरीज म्हणजे आत्ता किती नळ सुरू आहेत ते. हा D म्हणजे डिफरन्स अ‍ॅरे, कारण मूळ ओळीतल्या शेजारशेजारच्या दोन आकड्यांचा फरक तेवढाच तो साठवतो. पट्टा कितीही लांब असो, नोंद दोनच जागी.

आता दोन मितींत जाताना बरेच जण चार कोपऱ्यांची चिन्हं पाठ करतात आणि तिथेच पुढे घोळ होतो, म्हणून ती कुठून येतात ते एकदा समजून घ्या, मग पाठ करायची गरजच पडत नाही. चौकट r1 या रो-पासून r2 च्या आधीपर्यंत आहे, आणि c1 या कॉलमपासून c2 च्या आधीपर्यंत. चौकटीतली कुठलीही एक रो बघितली तर तिची नोंद म्हणजे c1 ला +१ आणि c2 ला −१, एक जोडी. पण ही अख्खी जोडीच r1 ला सुरू होते आणि r2 ला बंद होते, म्हणजे वरून खाली बघितलं तर तिलाही तोच एका ओळीचा नियम लावायचा. सुरू होताना जोडी जशीच्या तशी लिहा, r1 च्या रोमध्ये +१ आणि −१, आणि बंद होताना जोडी उलटी करून लिहा, r2 च्या रोमध्ये −१ आणि +१. चौथा कोपरा अधिक का असतो त्याचं उत्तर एवढंच, तिथे "बंद होण्याचं बंद होणं" लिहिलेलं असतं.

हातानं एक छोटं उदाहरण करून बघूच, ४ रो आणि ५ कॉलम. तीन चौकटी घेतो. पहिली रो ० ते ३ च्या आधी, कॉलम १ ते ४ च्या आधी. दुसरी रो १ ते ४ च्या आधी, कॉलम २ ते ५ च्या आधी. तिसरी अगदी चपटी, फक्त रो १, कॉलम ० ते ३ च्या आधी. ग्रिडला खाली एक आणि उजवीकडे एक अशी जास्तीची रो आणि कॉलम दिलीय, कारण जी चौकट शेवटच्या रोपर्यंत जाते तिचं बंद होणं कुठेतरी लिहायला जागा हवी. बारा नोंदी झाल्यावर D असा दिसतो:

```
 0  1  0  0 -1  0
 1  0  1 -1  0 -1
-1  0  0  1  0  0
 0 -1  0  0  1  0
 0  0 -1  0  0  1
```

याच्याकडे बघून काहीच कळत नाही, आणि ते तसंच असतं. आता प्रत्येक रोमध्ये डावीकडून उजवीकडे चालती बेरीज करा, मग जे आलं त्यावर प्रत्येक कॉलममध्ये वरून खाली चालती बेरीज करा:

```
 0  1  1  1  0 | 0
 1  2  3  2  1 | 0
 0  1  2  2  1 | 0
 0  0  1  1  1 | 0
 ---------------
 0  0  0  0  0   0
```

रो १ मधला कॉलम २ बघा, तिथे ३ आलाय, आणि खरंच तिन्ही चौकटी तिथे एकमेकींवर येतात. आधी कॉलम आणि मग रो केलं असतं तरी हेच आलं असतं, क्रमाने फरक पडत नाही. पण दोन्ही वेळा पूर्ण ग्रिड फिरायची, एक फेरी पूर्ण संपवून मग दुसरी. एकाच लूपमध्ये डावीकडचा आणि वरचा दोन्ही मिळवून टाकले आणि तिरका वजा करायचा राहिला तर डावीकडून आणि वरून येणारा समाईक भाग दोनदा मोजला जातो आणि आकडे खाली-उजवीकडे जाताना भराभर फुगत जातात. असं फुगणं दिसलं की पहिला संशय तिथेच घ्यायचा.

आता खऱ्या डेटाकडे. मी सगळीकडे "r2 च्या आधीपर्यंत" असं म्हणतोय ते मुद्दाम. शेवट धरून मोजायची पद्धतही चालते, मग D मध्ये r2+1 आणि c2+1 लिहावं लागतं, पण माझं स्पष्ट मत आहे की या कामात शेवट न धरणारी पद्धतच घ्यावी आणि डेटा वाचताना एकदाच त्या रूपात आणून सोडावी. रुंदी सरळ c2 − c1 येते, नोंदीत कुठेही +१ येत नाही, पुढे प्रश्न विचारायच्या फॉर्म्युल्यातही येत नाही, आणि रिकामी चौकट असेल, म्हणजे r1 आणि r2 सारखेच, तर तिचे चार आकडे आपापसात कटून शून्य होतात, वेगळी अट लिहावी लागत नाही.

डेटा वाचताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे चौकट कुठल्या रूपात आहे, काही टूल डावा-वरचा आणि उजवा-खालचा असे दोन कोपरे देतात, काही कोपरा आणि रुंदी-उंची देतात, आणि आकडे चारच असल्याने चुकीचं वाचलं तरी प्रोग्राम मुकाट चालतो. दुसरी, x म्हणजे कॉलम आणि y म्हणजे रो. चौकट x आधी लिहिते आणि ग्रिड रो आधी मागते, त्यामुळे अदलाबदल अगदी सहज होते. तिसरी, आकडे अपूर्णांकात येतात आणि फ्रेमच्या बाहेरही जातात, वस्तू अर्धी फ्रेमबाहेर असेल तर डावी कड −३७.४ वगैरे येऊ शकते. अपूर्णांकाला दोन्ही कडांना एकच नियम लावा, म्हणजे दोन्ही खाली उतरवा नाहीतर दोन्ही जवळच्या पूर्णांकाला न्या, कारण डावी खाली आणि उजवी वर असं केलं तर शेजारीशेजारी चिकटलेल्या दोन चौकटी एक कॉलम दोघीही मोजतात.

बाहेर जाणारे आकडे कापणं मात्र सगळ्यात महत्त्वाचं, आणि याचं कारण पायथनमध्ये फार वाईट आहे: D[-37] ला एरर येत नाही, तो शेवटून ३७ वा धरला जातो. म्हणजे डावीकडे बाहेर गेलेल्या चौकटीचा कोपरा गुपचूप उजव्या टोकाला जाऊन बसतो. म्हणून फ्रेमची उंची H आणि रुंदी W धरून रोचे दोन्ही आकडे ० ते H मध्ये आणि कॉलमचे दोन्ही ० ते W मध्ये आणायचे. चौकट पूर्णच बाहेर असेल तर कापल्यावर तिची दोन्ही टोकं एकाच आकड्यावर येतात आणि ती वर म्हटल्याप्रमाणे आपोआप कटून जाते.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कापणं दुसरी चूक झाकतं. x आणि y ची अदलाबदल झाली असेल तर न कापता ठेवलेल्या डेटावर रो १५०० मागितली जाऊन लगेच एरर आली असती, कापल्यावर ती १०८० वर येऊन गप्प बसते. म्हणून कापायच्या आधीचं एकूण क्षेत्रफळ आणि नंतरचं क्षेत्रफळ दोन्ही छापून बघा. कडेच्या चौकटींमुळे थोडं कमी होणारच, पण एकदम मोठा हिस्सा गायब झाला तर बहुतेक वेळा अक्ष उलटे झालेत.

यानंतरचा कोड छोटासाच आहे. r1, c1, r2, c2 या तीन लाख लांबीच्या न्यूम्पाय अ‍ॅरे आहेत, कापून तयार:

```python
D = np.zeros((H + 1, W + 1), dtype=np.int64)
np.add.at(D, (r1, c1),  1)
np.add.at(D, (r1, c2), -1)
np.add.at(D, (r2, c1), -1)
np.add.at(D, (r2, c2),  1)
A = D.cumsum(axis=1).cumsum(axis=0)
```

इथे `np.add.at` च्या जागी `D[r1, c1] += 1` लिहायचा मोह होतो, दिसायलाही ते स्वच्छ दिसतं, आणि ते चूक आहे. एकाच कोपऱ्याचा इंडेक्स यादीत तीनदा आला तर त्या लिहिण्यात तिथे १ च मिळवला जातो, ३ नाही, कारण न्यूम्पाय आधी सगळ्या जागांचे जुने आकडे वाचतं, त्यांत १ मिळवतं आणि मग परत लिहितं, त्यामुळे तिन्ही वेळा तेच उत्तर एकावर एक लिहिलं जातं. आपल्या डेटात असे सारखे कोपरे भरपूर येणार, कारण डाव्या कडेला कापलेल्या सगळ्या चौकटींचा c1 शून्यच असतो आणि तीन लाखांत r1 सारखे येणं काही अवघड नाही. एरर येत नाही, चित्रही बघायला बरंच बरोबर वाटतं, आकडे मात्र कमी आलेले असतात.

म्हणून पुढच्या दोन ओळी कोडमध्ये कायम ठेवाव्यात, टेस्टपुरत्या नाही:

```python
assert not A[H, :].any() and not A[:, W].any()
assert A.sum() == ((r2 - r1) * (c2 - c1)).sum()
```

पहिली ओळ ती जास्तीची रो आणि जास्तीचं कॉलम तपासते. वरच्या उदाहरणात ती दोन्ही शून्यच आली होती, आणि तो योगायोग नव्हता: ग्रिडच्या पलीकडे पोचेपर्यंत सुरू झालेली प्रत्येक चौकट बंद झालेलीच असली पाहिजे. एखाद्या कोपऱ्याचं चिन्ह चुकलं, एखादा कोपरा लिहायचाच राहिला, किंवा सारख्या इंडेक्सच्या नोंदी हरवल्या की इथे शून्य राहत नाही. पण या तपासणीची मर्यादा आहे, c2 च्या जागी सगळीकडे c2−1 लिहिलं गेलं तरी चौकट बंद होतेच, फक्त एक कॉलम आधी, त्यामुळे कड शून्यच राहते आणि चूक निसटते. ती दुसरी ओळ पकडते. सगळ्या पिक्सेलच्या आकड्यांची बेरीज ही सगळ्या चौकटींच्या क्षेत्रफळांच्या बेरजेएवढीच असली पाहिजे, उदाहरणात ९ + ९ + ३ = २१, आणि ग्रिडमध्येही ३ + ९ + ६ + ३ = २१. अगदी तीच चौकट दहा वेळा आली आणि दहाच्या जागी एकदाच मोजली गेली तर चारही कोपरे सारखेच हरवतात, कड शून्य राहते, पण क्षेत्रफळ जुळत नाही. दोघी मिळून बऱ्यापैकी घट्ट जाळं होतं. उरलेल्यासाठी ६ बाय ७ ची ग्रिड, हव्या तशा चौकटी, आणि साध्या लूपने आलेल्या उत्तराशी तुलना, एवढं पुरतं.

आता A मध्ये प्रत्येक पिक्सेलचा खरा आकडा आहे. इथपर्यंतचा खर्च बघा, ३ लाख चौकटींच्या १२ लाख नोंदी आणि दोन फेऱ्यांच्या साधारण ४१ लाख बेरजा. ३,६०० कोटींच्या जागी अर्ध्या कोटीच्या आसपास. आणि चौकट ४०० बाय ३०० ची असो की अख्ख्या फ्रेमएवढी, नोंदी चारच.

दुसरा भाग प्रश्नांचा. आपल्याला आकड्यांची बेरीज नकोय, ५० किंवा जास्त असलेले पिक्सेल मोजायचेत. म्हणून A वरून एक नवी ग्रिड करायची जिच्यात उंबरठा K, आपल्याकडे ५०, किंवा जास्त असेल तिथे १, नाहीतर ०, आणि त्या ग्रिडची दुसरी प्रीफिक्स सम काढायची. दोन्ही ठिकाणी हत्यार तेच, `cumsum`, पण काम वेगळं. पहिली वेळ डिफरन्स उलटवून खरे आकडे परत मिळवायला होती, दुसरी वेळ आयताची बेरीज पटकन काढता यावी म्हणून.

```python
G = A[:H, :W] >= K
P = np.zeros((H + 1, W + 1), dtype=np.int64)
P[1:, 1:] = G.cumsum(axis=0).cumsum(axis=1)

ans = P[r2, c2] - P[r1, c2] - P[r2, c1] + P[r1, c1]
```

शेवटच्या ओळीतले r1, c1, r2, c2 आता प्रश्नांच्या आयतांचे आहेत. P[i][j] म्हणजे पहिल्या i रो आणि पहिले j कॉलम यांच्यातले एकूण १. यावेळी जास्तीची रो आणि कॉलम वरच्या आणि डाव्या बाजूला आलीय, D मध्ये ती खाली आणि उजवीकडे होती, हे उलटं झालेलं नीट बघून ठेवा, दोन्ही टेबलं सारख्याच साइझची असल्याने एकाचा इंडेक्स दुसऱ्यात वापरला तरी काही तुटत नाही, उत्तर फक्त एका पिक्सेलने सरकतं.

उदाहरणातल्या ग्रिडवर K = २ लावला तर पाच पिक्सेल उरतात, रो १ मध्ये कॉलम १, २, ३ आणि रो २ मध्ये कॉलम २, ३. P असा येतो:

```
0 0 0 0 0 0
0 0 0 0 0 0
0 0 1 2 3 3
0 0 1 3 5 5
0 0 1 3 5 5
```

प्रश्न विचारू, रो २ ते ४ च्या आधी आणि कॉलम २ ते ४ च्या आधी. P[4][4] म्हणजे ५, त्यातून वरचा भाग P[2][4] म्हणजे ३ वजा, डावा भाग P[4][2] म्हणजे १ वजा, आणि वर-डावीकडचा तुकडा दोनदा वजा झाला म्हणून P[2][2] म्हणजे १ परत मिळवला. उत्तर २. ग्रिडवर बोट ठेवून मोजलं तरी तेच, रो २ मधले दोन पिक्सेल. हातानं तपासायला प्रश्न निवडताना असा निवडा की चारही आकडे शून्य नसतील, डाव्या-वरच्या कोपऱ्यातला आयत घेतला तर तीन आकडे शून्य येतात आणि चिन्हं चुकलेली असली तरी उत्तर बरोबर दिसतं.

ही दुसऱ्या भागाची युक्ती ग्राफिक्समध्ये १९८४ पासून आहे, फ्रँकलिन क्रो यांनी टेक्स्चरचे भाग पटकन सरासरीत आणायला हे टेबल मांडलं होतं, आणि २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांच्या चेहरा शोधायच्या पद्धतीत तेच टेबल इंटिग्रल इमेज या नावानं आलं, हजारो आयतांच्या बेरजा क्षणात हव्या होत्या म्हणून. ओपनसीव्हीचं `integral` फंक्शनसुद्धा मूळ चित्रापेक्षा एक रो आणि एक कॉलम जास्त असलेलं टेबल देतं, कारण वर सांगितलेलंच.

आकड्यांच्या साइझबद्दल थोडं, कारण हे या प्रकरणात खरंच चावतं. P मध्ये मोजणी असेल तर सगळ्यात मोठा आकडा फ्रेममधल्या एकूण पिक्सेलएवढा, २०,७३,६००, तो ३२ बिटांत आरामात बसतो. A मधला सगळ्यात मोठा आकडा ३ लाख, तोही बसतो. पण समजा उद्या कोणी म्हणालं की मोजणी नको, आयतातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज द्या, तर P चा शेवटचा कोपरा ३,६०० कोटी होतो आणि ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकाची हद्द २,१४,७४,८३,६४७ वर संपते, म्हणजे साधारण २१५ कोटींवर. कोड तोच, फक्त प्रश्न बदलला, आणि टेबल ओव्हरफ्लो झालं. ओळखायची खूण म्हणजे डाव्या-वरच्या भागातली उत्तरं बरोबर येतात आणि खालच्या-उजव्या भागात P मध्ये अचानक ऋण आकडे दिसायला लागतात. ६४ बिट घेतले की विषय संपतो, एका टेबलला साधारण १६.६ एमबी लागतात, फार नाही. D ला मात्र बिनचिन्हाचा टाइप देऊ नका, तिथे −१ हा नेहमीचा पाहुणा आहे. आणि आकडे दशांशात असतील, म्हणजे प्रत्येक चौकटीचं वेगळं वजन असेल, तर मोठ्या बेरजांतून मोठ्या बेरजा वजा होताना छोट्या आयताच्या उत्तरातले शेवटचे आकडे झिजतात, म्हणून शक्य असेल तर वजनं ठराविक पटीने गुणून पूर्णांकच करून घ्यावीत.

आता पद्धत कुठे अडते ते, कारण हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: आधी सगळ्या चौकटी, मग सगळे प्रश्न. मध्येच एक नवी चौकट आली तर D मध्ये चार नोंदी करायला काही लागत नाही, पण A जुना झाला, G जुनी झाली, P जुना झाला, आणि पुन्हा चार फेऱ्या, म्हणजे ८० लाखांवर बेरजा. प्रत्येक चौकटीनंतर प्रश्न असेल तर हे परवडत नाही.

प्रश्न नुसत्या बेरजेचा असेल तर वाट आहे. एक म्हणजे द्विमितीय फेनविक ट्री, आकडे बदलत असतानाही बेरजा पटकन देणारी रचना, डिफरन्सवर असे चार ट्री ठेवून चौकट आणि प्रश्न दोन्ही लॉगच्या वर्गात होतात, या साइझला एका ट्रीच्या एका कामाला जास्तीत जास्त ११ गुणिले ११ पावलं. दुसरी वाट मला जास्त आवडते कारण ती लिहायला सोपी आहे: P जुनाच ठेवायचा, नव्या चौकटी एका यादीत साठवत जायच्या, आणि प्रश्न आला की जुन्या P चं उत्तर अधिक यादीतल्या प्रत्येक चौकटीचं प्रश्नाच्या आयताशी किती क्षेत्रफळ एकमेकांवर येतं ते मिळवायचं. यादी काही हजारांवर गेली की टेबल नव्यानं बांधायचं आणि यादी रिकामी करायची.

पण आपल्या मूळ प्रश्नाला, "किमान ५० चौकटींखाली", ही युक्ती लागत नाही. बेरीज तुकड्यातुकड्यात करून मिळवता येते, उंबरठा तसा नाही. एखादा पिक्सेल जुन्या टेबलात ४८ वर असेल तर यादीतल्या एका चौकटीनं त्याचं उत्तर बदलत नाही, दोनांनी बदलतं, आणि कुठले पिक्सेल ४८ वर आहेत ते P ला माहीतच नाही, ते १ आणि ० करताना पुसलं गेलं. त्यामुळे इथे एकतर ठराविक वेळानं टेबल नव्यानं बांधायचं आणि उत्तर तेवढं शिळं चालेल हे आधीच ठरवून घ्यायचं, नाहीतर पूर्ण वेगळी रचना लागते.

K बदलता असेल तर तीच गोष्ट जरा सौम्य रूपात येते. A एकच, पण P प्रत्येक K चा वेगळा. पाच-सात ठरलेले K असतील तर पाच-सात टेबलं ठेवा, शंभर-सव्वाशे एमबीच्या आत काम होतं. प्रत्येक प्रश्नाचा K वेगळाच असेल तर टेबलांचा रस्ता बंद, पण सगळे प्रश्न आधीच हातात असतील तर सुटका आहे: प्रश्न मोठ्या K पासून छोट्या K कडे लावा, पिक्सेलही A मधल्या आकड्यानुसार मोठ्याकडून छोट्याकडे लावा, आणि K खाली उतरत जाईल तसे तेवढा आकडा गाठलेले पिक्सेल एका द्विमितीय फेनविक ट्रीमध्ये एकेक करून टाकत जा, प्रत्येक प्रश्नाच्या वेळी ट्रीमध्ये नेमके तेच पिक्सेल असतात जे त्याच्या K ला पुरतात. २०,७३,६०० पिक्सेल, प्रत्येकाला जास्तीत जास्त १२१ पावलं, म्हणजे २५ कोटींच्या आसपास कमाल, C++ मध्ये हे सहज चालतं, पायथनच्या लूपमध्ये करू नका. चौकटींचा पहिला भाग, D पासून A पर्यंतचा, यातल्या कुठल्याच बदलात हलत नाही.